पहिल्या स्लाइडवरचा कावळा

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या महायुद्धाचं पहिलं कारण काढून टाकण्यात आलं. त्याला तीन माणसं हजर होती. संपादकांनी सांगितलं, डिझायनरनं मोबाइलवर बोट टेकवलं आणि जिनं ते कारण मुळात लिहिलं होतं ती लेखिका म्हणाली, "चालेल."

लेखिकेला घरी सगळे धाकटी म्हणत, तेव्हा इथेही धाकटीच म्हणू. शाळेच्या मुलांसाठी इतिहासाच्या पोस्ट करणाऱ्या एका छोट्या कचेरीत ती कामाला होती. दोन खोल्या, चार टेबलं, खिडकीत एक वाळत चाललेली कुंडी. काम असं, की इतिहासातली एखादी मोठी घटना घ्यायची, तिची कारणं काढायची आणि एका स्लाइडवर एक कारण अशी चित्रांची माळ लावायची. मुलं मोबाइलवर बोटानं एकेक चित्र सरकवत वाचतात. या माळेला धंद्यात कॅरूसेल म्हणतात. संपादक तिला 'गाडी' म्हणत. "आज कुठली गाडी सोडायची?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

महायुद्धाची गाडी तीन आठवड्यांपूर्वी सुटली होती. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'पहिलं महायुद्ध : सहा कारणं'. मग सहा स्लाइड्स आणि शेवटी 'परीक्षेआधी वाचायला जपून ठेवा'. मुलांनी खरंच जपून ठेवली होती. कचेरीच्या पानावर इतकी जपून ठेवलेली दुसरी पोस्ट नव्हती.

धाकटीनं लिहिलेला मूळ क्रम वेगळा होता. आधी एकमेकांना बांधून घातलेल्या देशांचे दोन गट, मग शस्त्रांची चढाओढ, वसाहतींसाठीची ओढाताण, राष्ट्रवाद आणि बाल्कनमधली धुमस. साराजेव्होतली हत्या सगळ्यात शेवटी, आणि तिच्या स्लाइडचा मथळा 'तात्कालिक कारण'. खाली ऑस्ट्रियाच्या युवराजाची आणि त्याच्या पत्नीची हत्या, मग महिनाभर चाललेले खलिते आणि धमक्या, आणि शेवटी सर्बियावर पुकारलेलं युद्ध, असं तिनं थोडक्यात मांडलं होतं. शेवटची दोन वाक्यं तिला स्वतःलाच आवडली होती. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण फांदी आधीच किडलेली होती. ती कशानं किडली, ते मागच्या पाच स्लाइड्सवर वाचा.'

संपादकांना कावळा आवडला, जागा आवडली नाही.

"खून शेवटी ठेवून कसं चालेल? दुसऱ्या स्लाइडवर मुलं निघून जातात. खून पुढे घ्या."

"पण सर, ते मूळ कारण नाहीये. ते निमित्त आहे."

"निमित्तानं का होईना, मुलं पुढे तरी सरकतील."

खून पुढे आला. तो पुढे आल्यावर 'मागच्या पाच स्लाइड्स' मागे उरल्याच नाहीत, म्हणून ते वाक्य गेलं. त्याच्यासोबत कावळा गेला, फांदी गेली. मोकळ्या जागेत संपादकांनी स्वतः एक ओळ घातली : 'ही हत्या झाली नसती, तर महायुद्ध झालंच नसतं.' मग डिझायनरचा निरोप आला. ही मुलगी अक्षरांच्या वळणाबद्दल इतकी हट्टी, की कचेरीत तिला वेलांटी म्हणत. तिनं लिहिलं होतं, 'ताई, मथळ्यात "तात्कालिक" बसत नाहीये, दोन ओळी होतायत. नुसतं "कारण १" ठेवू का? बाकीच्यांवर पण तसंच आहे.' सोबत स्लाइडचं चित्र.

धाकटीनं ते चित्र उघडलं. वाचलं. ती ओळ वाचली, मथळा वाचला. समोर दुसरी गाडी उभी होती, तिचे संदर्भ तपासायचे होते. तिनं उत्तर दिलं, 'चालेल.'

ही सगळी तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आता स्लाइड काढली त्याच्या आदल्या संध्याकाळची.

त्या संध्याकाळी थोरलीचा निरोप आला. थोरली म्हणजे सख्खी मोठी बहीण, एका शाळेत इतिहास शिकवते. 'अगं, चाचणीत प्रश्न होता, हत्या झाली नसती तर महायुद्ध टळलं असतं का, सकारण लिहा. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलंय, शब्दाला शब्द. म्हणतात तुमच्या पोस्टमधलं आहे. बघशील का?' त्याखाली हसण्याचं चिन्ह, आणि वेगळंच काही लिहिलेल्या एका मुलीच्या उत्तराचा फोटो. तिनं लिहिलं होतं : 'हत्या झाली नसती तर सहापैकी एक कारण कमी झाले असते व युद्ध पाच षष्ठांश झाले असते.'

धाकटीला आधी हसू आलं. तिनं बहिणीला उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, आणि शेवटी 'उद्या बघते' एवढंच पाठवलं.

सकाळी ती संपादकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पहिली स्लाइड चूक आहे, मुलं चुकीचं शिकतायत, दुरुस्त करायला हवी. संपादक चिडले नाहीत, ते सहसा चिडत नसत. पोस्ट एकदा टाकली की चित्रातलं अक्षर बदलता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. चित्राखालचा मजकूर बदलता येतो, एखादी स्लाइड काढता येते. नवी हवी तर सगळी पोस्ट पुसून पुन्हा टाकायची.

"पुन्हा टाकली की जपून ठेवलेलं सगळं गेलं," संपादक म्हणाले. "परवा त्या प्रकाशकांना पान दाखवायचंय. त्यांना हीच पोस्ट दाखवणार होतो. आपण ती एक स्लाइड काढू. गाजावाजा नको."

"आणि खाली एक ओळ लिहू या का? चूक झाली होती म्हणून?"

"कुणी विचारलंय?"

कुणी म्हणजे थोरलीनं. पण ते तोंडाशी येऊन राहिलं. बहिणीचं नाव मध्ये आणलं तर घरचं गाऱ्हाणं कचेरीत आणल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. हे गप्प राहण्याचं खरं कारण की नुसतं निमित्त, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसतं. ती म्हणाली, "चालेल."

वेलांटीनं पोस्ट उघडली आणि पहिल्या कारणाच्या चित्रावरच्या कचऱ्याच्या डब्याला बोट लावलं. "काढलेलं तीस दिवस आत राहतं हं ताई. परत लावता येतं." मग स्वतःशीच म्हणाली, "पण आता मोजणी दोनपासून सुरू झाली. आणि वर सहा लिहिलंय. दात पडल्यासारखं दिसतंय."

"कोण मोजतंय," संपादक म्हणाले.

पाऊण वाजला नसेल, तोच फोन वाजला. थोरलीचा. धाकटीनं तो टेबलाशी बसूनच घेतला; पलीकडचं बोलणं छोट्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हां ताई."

"ऐक, मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा सरळ होता, वर्गात प्रगतिपुस्तकं वाटतानाचा. "फोन स्पीकरवर आहे. तुझी ती पोस्ट इथे उघडलीय. मुखपृष्ठ आहे, आणि त्याच्यापुढे एकदम कारण दोन आहे. कारण एक दिसत नाही. नेटवर्कचं काही असेल का?"

मग दुसरा आवाज आला, वयस्कर, अगदी सभ्य. "नमस्कार. मी मुख्याध्यापिका बोलतेय. आपल्याला त्रास देते, पण बाब जरा नाजूक आहे. यांच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी एक वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. पेपर दुसऱ्या शिक्षकांनी काढला होता. त्यांचं म्हणणं, प्रश्न आधी फुटला आणि वर्गात उत्तर सांगून लिहून घेतलं. एका पालकांचीही तक्रार आलीय. बाई म्हणतात, ते वाक्य तुमच्या पोस्टवर होतं. आम्हाला तर ते दिसत नाही. असं वाक्य तिथे होतं का, एवढंच सांगा."

समोर संपादकांनी मान वर केली. त्यांनी खूण केली नाही, डोळे मोठे केले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले. वेलांटीचं बोट माऊसवर थांबलं.

होतं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"मला..." धाकटी म्हणाली, "मला बघून सांगावं लागेल."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"बरं," थोरली म्हणाली. "बघ." आणि फोन बंद झाला.

"योग्य बोललात," संपादक म्हणाले. "असं एकदम काही कबूल करायचं नसतं. आधी आपण ठरवू काय ते."

आयुष्यात तिची बरीच स्तुती झाली होती. एवढी लागलेली ही पहिलीच.

वेलांटी पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून तिच्या मागोमाग बाहेरच्या नळाशी आली. "ताई, जुनी स्लाइड आहे माझ्याकडे. कुठल्या दिवशी काय बदललं, सगळं फाइलमध्ये दिसतं. तुमच्या बहिणीला पाठवू?"

"थांब जरा," धाकटी म्हणाली.

"किती?"

बाटली भरून वाहायला लागली तरी वेलांटी तिच्याकडेच बघत होती.

संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. जिन्यातच तिनं काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि दारावरची बेल वाजवेपर्यंत तिन्ही वेळचं विसरली. दार भावोजींनी उघडलं.

"या, इतिहासकार," ते म्हणाले. नेहमी म्हणत तेच, पण आज त्याला हसू जोडलेलं नव्हतं. "आत आहे. कपड्यांच्या घड्या करतेय. सकाळी केलेल्याच पुन्हा करतेय."

थोरली पलंगावर बसली होती. उशीच्या एका अभ्र्याची ती घडी घाली, उलगडी, पुन्हा घाली.

"बस," ती म्हणाली. "बघितलंस का?"

"ताई, ते वाक्य होतं. आज दुपारी काढलं. तुझा फोन यायच्या थोडं आधी."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मग बघायचं काय राहिलं होतं?"

बाहेरच्या खोलीत भावोजींनी बातम्यांचा आवाज कमी केला. ऐकू यावं म्हणून की ऐकू येऊ नये म्हणून, कळलं नाही.

"ती पोस्ट मी मुलांच्या गटावर पाठवली," थोरली म्हणाली, "तेव्हा उघडूनही बघितली नाही. माहितेय? दुसऱ्या कुणाची असती तर ओळन् ओळ वाचली असती. म्हटलं, आपल्या धाकटीचं आहे, त्यात काय बघायचं. वर्गात सांगितलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय, डोळे झाकून वाचा." ती जराशी हसली. "वाचलं त्यांनी. डोळे झाकूनच."

"ती ओळ माझी नव्हती. संपादकांनी घातली."

"तू वाचली होतीस?"

"वाचली होती."

"आणि?"

"आणि चालेल म्हटलं."

थोरलीनं अभ्रा बाजूला ठेवला. "बाबांनी हे कसं समजावलं होतं, आठवतं? आपण दोघी त्या कुंपणापाशी उभ्या होतो. कावळा बसला आणि फांदी मोडली. तू म्हणालीस, दुष्ट कावळा. बाबांनी मोडलेली फांदी उचलून आतला भुसा दाखवला."

"मी तेच लिहिलं होतं, ताई. कावळा लिहिला होता."

"मग कुठे गेला?"

"क्रम बदलला. बसला नाही तो."

"तात्कालिकही बसलं नाही, कावळाही बसला नाही," थोरली म्हणाली. धाकटीनं वेलांटीचा तो जुना निरोप मोबाइलवर काढून पुढे केला होता, तो ती वाचत होती. "सगळं सोडून मीच बसले. मुख्याध्यापिकाबाईंसमोर." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. "चौकशी होईपर्यंत नववीचा वर्ग माझ्याकडे नाही. उद्या त्या पेपर काढणाऱ्या सरांकडे जाईल. आणि मुलांना पुन्हा चाचणी. मुलं म्हणतील, बाईंनी फोडला."

"मी लिहून देते. उद्या सकाळी. मूळ मजकूर, बदललेली स्लाइड, कधी काढली, सगळं."

"तुझ्या कचेरीला चालेल?"

नेमका तोच शब्द. थोरलीनं तो मुद्दाम वापरला नव्हता. माणसं दिवसातून पन्नासदा म्हणतात. धाकटीला मात्र कुणीतरी पाठीमागून तिचंच नाव घेऊन हाक मारावी तसं झालं.

"आणि आज दिलं असतंस," थोरली हळू आवाजात म्हणाली, "स्पीकरवर, एका शब्दात, तर ते पुरलं असतं. आता दिलंस तर म्हणतील, बहिणीनं बहिणीसाठी रात्रीतून तयार केलं. तेव्हा तू साक्षीदार होतीस ग. आता तू नातेवाईक आहेस."

निघताना भावोजी दारापर्यंत आले. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले, आणि मग, माणूस मुळात प्रामाणिक असल्यामुळे, "म्हणजे, थोडं घ्या."

दुसऱ्या दिवशी धाकटी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचली. संपादक आले तेव्हा ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती.

"सर, ती स्लाइड परत लावा. जशी होती तशी. आणि खाली लिहा, की पहिली स्लाइड चुकली होती, हत्या हे तात्कालिक कारण, आणि ती ओळ आमची."

"चुकीची स्लाइड परत लावायची? तुम्हीच म्हणालात मुलं चुकीचं शिकतायत."

"चूक झाकून आपण मुलांना खोटं पाडतोय. माझ्या बहिणीला पाडलंय."

बहीण हा शब्द संपादकांसमोर आला तो असा. संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची मुलगी नववीत होती आणि हीच पोस्ट तिनंही जपून ठेवली होती. "हे काल सांगायचं होतं," ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली. "काल सांगायचं होतं."

"उद्या प्रकाशक येतायत. ते होऊ दे. मग बघू. तीस दिवस आहेत म्हणे आपल्याकडे."

"तिच्याकडे नाहीत, सर."

ती आपल्या जागेवर येऊन बसली. मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहायला तिला सकाळ लागली, कारण ती प्रत्येक वाक्यातून स्वतःला बाहेर काढत होती आणि पुन्हा आत घालत होती. 'मथळ्यातील शब्द वगळण्यात आला' असं आधी लिहिलं. मग ते खोडून 'शब्द वगळायला मी संमती दिली' असं लिहिलं. 'वाक्य बदलण्यात आले' हेही तसंच गेलं. शेवटी लिहिलं, 'काल फोनवर आपण विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं आणि मी ते दिलं नाही.' हे वाक्य तिनं दोनदा काढलं आणि तीनदा ठेवलं.

वेलांटीला काही सांगावं लागलं नाही. तिनं जुनी स्लाइड, मूळ मजकूर आणि बदल दाखवणारं फाइलीचं पान एकत्र करून पाठवलं. वर एवढंच, 'कावळ्यासकट आहे.' धाकटीनं ते पत्राला जोडलं, संपादकांनाही एक प्रत लावली आणि पाठवून दिलं. संपादकांच्या मोबाइलनं टेबलावर एकदा थरथर केली. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत होते. उठून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालून आले.

दुपारी शाळेकडून उत्तर आलं : 'आपला मजकूर मिळाला. समितीपुढे ठेवला जाईल.' समिती कधी बसणार, ते त्यात नव्हतं. नववीच्या वर्गावर त्या दिवशी दुसरे सर गेले. धाकटीनं थोरलीला पत्राची प्रत पाठवली. ती वाचल्याच्या दोन खुणा उमटल्या. उत्तर आलेलं नाही.

स्लाइड अजून परत लागलेली नाही. मुखपृष्ठावर सहा कारणं लिहिलेली आहेत आणि मोजणी दोनपासून सुरू होते. आज सकाळी पोस्टखाली कुणा विद्यार्थ्यानं विचारलं, 'पहिलं कारण कुठे गेलं?' त्याच्याखाली बऱ्याच मुलांनी आपलंही तेच म्हणणं असल्याची खूण केली आहे. पानातर्फे अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.